आभारासोबत काय द्यावं?

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर राहणाऱ्या तरुण वारली चित्रकाराचं चित्र एका संध्याकाळी इन्स्टाग्रामवरच्या लोककलांच्या पेजवर झळकलं. पेज चालवणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात आणि रात्री घरचं आवरलं की हे काम घेऊन बसतात. चित्र तारपा नाचाचं होतं. खाली चित्रकाराचं नाव होतं, त्याचं खातं टॅग केलेलं होतं आणि मजकूर एका ओळीचा : ‘महाराष्ट्राची आदिवासी कला’. पेजला वाचक भरपूर, त्यामुळे चित्रकाराचा फोन थांबेना. त्यानं लगेच उत्तर लिहायला घेतलं.

पहिला मसुदा असा होता : ‘खूप खूप धन्यवाद ताई! असंच सहकार्य राहू द्या. आमची अजून पण चित्रं आहेत, ती पण टाका. सर्वांनी जास्तीत जास्त शेअर करा, फॉलो करा, कलाकाराला सपोर्ट करा.’ पाठवण्याआधी त्यानं तो धाकट्या बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “दादा, यात चित्राबद्दल तर काहीच नाही.” त्यानं तो पुसला आणि दुसरा लिहिला :

‘नमस्कार ताई. तारप्याचं चित्र तुम्ही नावासकट मांडलंत, खूप बरं वाटलं. बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. मधे उभा आहे तो तारपा वाजवणारा. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात, पण कुणी त्याच्याकडे पाठ करत नाही. म्हणून चित्रात माणसांची रांग अशी वळत वळत जाते. कुणाला हे चित्र पुढे पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा, फक्त नाव आणि गाव सोबत राहू द्या.’ खाली त्यानं स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं.

चित्रकार आणि पेज चालवणाऱ्या ताई या दोघांशीही मी या उत्तराबद्दल सविस्तर बोलले. नावं छापू नयेत असं दोघांचंही म्हणणं पडलं, म्हणून ती इथे दिलेली नाहीत. आपलं काम कुणी चारचौघांत मांडलं की आभार कसे मानावेत, आणि ते काम आणखी लोकांपर्यंत जावं ही इच्छा मिंधेपणा न पत्करता कशी कळवावी, या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर त्या मोजक्या वाक्यांत आहे.

उत्तरात नेमकं काय आहे

पहिल्या वाक्यात आभार आहेत, पण ते मोघम नाहीत. ‘नावासकट मांडलंत’ असं तो म्हणतो. समोरच्या माणसानं जी गोष्ट बरोबर केली तिचं तो नाव घेतो. याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. ताईंना कळतं की या माणसानं आपली पोस्ट नीट पाहिली आहे. आणि ते उत्तर वाचणाऱ्या इतर पेजवाल्यांना कळतं की नाव देणं ही या कलाकाराच्या लेखी मोठी गोष्ट आहे. कुणालाही न सुनावता त्यानं रीत सांगून टाकली.

मधल्या वाक्यांत त्यानं माहिती दिली, आणि ती पोस्टमध्ये नव्हती. तारपा हे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं फुंकून वाजवायचं लांबलचक वाद्य. वारली चित्रांत त्याच्याभोवतीचा फेर सगळ्यांनी पाहिलेला असतो. साड्यांवर, कपांवर, हॉटेलच्या भिंतींवरही तो असतो. पण तो फेर असा का वळतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते कळल्यावर माणूस चित्र पुन्हा उघडून पाहतो. पाहिल्यावर त्याला ते कुणाला तरी दाखवावंसं वाटतं, कारण आता त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. चित्र पुढे पाठवताना सोबत काय लिहायचं हा बहुतेकांचा अडसर असतो. ‘छान आहे’ एवढं लिहून पाठवायला लोक कचरतात. ‘हे बघ, इथे कुणी वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाही’ असं लिहून पाठवायला त्यांना मजा येते. चित्रकारानं वाचकाच्या हाती ते वाक्य दिलं.

शेवटच्या वाक्यात परवानगी आहे. ‘शेअर करा’ आणि ‘पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा’ यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात काम वाचकावर येतं, दुसऱ्यात निर्णय वाचकाचा राहतो. शिवाय अनेक चांगली माणसं दुसऱ्याचं चित्र उचलायला संकोचतात. चालेल की नाही, रागावेल का, असं त्यांच्या मनात असतं. स्पष्ट परवानगी मिळाली की तो संकोच जातो. आणि परवानगीला जोडून जी अट आली, नाव आणि गावाची, ती पाळायला कुणाला कष्ट पडत नाहीत.

गावाचा आग्रह त्यानं का धरला, हेही समजून घ्यायला हवं. वारली चित्रं मुळात लग्नघराच्या भिंतीवर, गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठानं काढली जात. चौक लिहायचा मान सवाशिणींचा. त्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामार्फत गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं काम बाहेरच्या जगासमोर आलं, तेव्हा वारली चित्राला प्रथमच एका व्यक्तीचं नाव आणि एका गावाचं नाव जोडलं गेलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. नुसतं ‘आदिवासी कला’ असं लिहिलं की चित्र पुन्हा त्या निनावी भिंतीवर जातं. नाव आणि गाव असेल तर बघणारा चित्रकारापर्यंत पोहोचू शकतो.

पेज चालवणाऱ्याच्या बाजूनं

आपलं काम मांडणारा माणूस कुठल्या परिस्थितीत हे करतो, याची कल्पना कलाकारांना सहसा नसते. पुण्याच्या ताईंनी त्यांच्याकडे येणारे निरोप मला दाखवले. बहुतेक निरोपांचा सूर एकच : ‘ताई आमचंही टाका ना.’ काही जण एकच निरोप रोज पाठवतात. काहींनी एकाच पोस्टमध्ये दहा-वीस पेजेस टॅग केलेली असतात, त्यात ताईंचंही एक. “अशा टॅगकडे मी बघतही नाही,” त्या म्हणाल्या. “ते मला उद्देशून नसतंच. आणि ज्याचं काम मी टाकलं तोच दुसऱ्या दिवशी ‘आता हेही टाका’ म्हणाला की मला वाटतं, मी चूक केली का?”

मग पुन्हा कुणाचं काम घ्यावंसं वाटतं, असं मी विचारलं. त्यांनी जरा विचार केला. “ज्याच्याकडे मला दुसऱ्यांदा काही विचारावं लागत नाही, त्याचं. माझ्याकडे रात्रीचा जेमतेम तासभर असतो. चांगला फोटो, खरी माहिती आणि नावाचं नीट स्पेलिंग ज्यानं आधीच दिलंय, त्याची पोस्ट माझ्याकडून आपोआप आधी होते.”

म्हणजे आभाराचं उत्तर दोन ठिकाणी लिहायचं असतं. एक सगळ्यांसमोर, पोस्टच्या खाली. दुसरं खासगीत, पेज चालवणाऱ्यासाठी. दोन्हींचं काम वेगळं आहे आणि एकाचा मजकूर दुसरीकडे चालत नाही.

डहाणूच्या चित्रकारानं खासगी निरोपात तीन गोष्टी पाठवल्या. त्याचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, जसं तो लिहितो तसं. चित्राबद्दल दोन ओळी : कशावर काढलं, कशानं काढलं, प्रसंग कोणता. आणि त्याच चित्राचा दिवसाउजेडी, सरळ समोरून काढलेला फोटो. ताईंनी विचारल्यावर हाच फोटो त्यानं व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. हा बारकावा महत्त्वाचा आहे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं. वारली चित्रातल्या बारीक पांढऱ्या रेषा पुसट होतात, तांदळाच्या पिठाचा खरखरीतपणा दिसेनासा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते.

निरोपाच्या शेवटी त्यानं लिहिलं, ‘हे पुढे कधी लागलं तर असावं म्हणून पाठवतोय. उत्तर द्यायची घाई नाही.’ हे वाक्य मला फार आवडलं. त्यात मागणी नाही, पण पुढच्या वेळेसाठी दार उघडं आहे.

इन्स्टाग्रामवर एक अडचण नेहमी येते. जे खातं आपल्याला फॉलो करत नाही त्याला पाठवलेला निरोप बहुतेकदा मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो आणि आठवडेच्या आठवडे कुणी तो उघडत नाही. म्हणून आधी पोस्टखाली जाहीर आभार लिहावेत आणि मग निरोप पाठवावा. पेजवाला पोस्टखालचं वाचतोच, मग निरोप शोधून काढतो.

चूक दुरुस्त कशी करावी

चित्र पेजवर येतं तेव्हा काही ना काही चुकतं. नावाचं स्पेलिंग, गाव, प्रसंग, कधी साहित्य. अशा वेळी आभार आणि दुरुस्ती एकत्र लिहिण्याचा मोह होतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बिघडतात. ‘धन्यवाद, पण तुम्ही गाव चुकीचं लिहिलंय’ असं सगळ्यांसमोर लिहिलं की पोस्टखालची चर्चा चुकीभोवती फिरते आणि चित्र बाजूला पडतं.

पद्धत साधी आहे. जाहीर उत्तरात आभार आणि माहिती, खासगी निरोपात दुरुस्ती. दुरुस्ती अशी द्यावी की उचलून चिकटवता येईल. ‘गाव चुकलंय’ असं लिहून थांबलं तर समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं; ‘मजकुरात अमुक ऐवजी अमुक करता येईल का?’ असं पूर्ण शब्दांत लिहिलं तर त्याला फक्त बदलायचं राहतं. इन्स्टाग्रामवर पोस्टचा मजकूर नंतर बदलता येतो, टॅगही नंतर जोडता येतो. फोटो मात्र दुसरा लावता येत नाही. म्हणून फोटो आडवा कापला गेला आणि कोपऱ्यातली सही गेली, तर तो बदलून मागण्यात अर्थ नाही. मजकुरात नाव मागावं आणि पूर्ण चित्र पुढच्या वेळेसाठी पाठवून ठेवावं.

नाव दिलंच नसेल तर? ही सगळ्यात नाजूक जागा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७ वं कलम कर्त्याला आपल्या कृतीवर आपलं कर्तृत्व सांगायचा हक्क देतं. कृती विकली किंवा तिचे हक्क दुसऱ्याला दिले तरी हा हक्क कर्त्याकडेच राहतो. म्हणजे नाव मागणं ही याचना नाही. पण पहिल्याच निरोपात कायदा काढायची गरज नसते, कारण नाव वगळण्यामागे बहुतेक वेळा माहितीचा अभावच असतो. चित्र कुठून तरी फिरत आलेलं असतं. चित्रकाराच्या एका मित्रावर अशी वेळ आली तेव्हा त्यानं लिहिलं होतं : ‘हे चित्र माझं आहे. तुम्हाला ते मांडावंसं वाटलं याचा आनंद आहे. कृपया मजकुरात माझं नाव आणि गाव घाला. मूळ चित्र माझ्या खात्यावर आहे, तिथला दुवा सोबत देतो.’ दुव्यामुळे पुरावा आपोआप दिला जातो. दोन दिवसांत काही झालं नाही तर एकदा आठवण द्यावी. त्यानंतरही नाव आलं नाही, तर तिथे आभाराचा विषय संपतो आणि हक्काचा सुरू होतो. इन्स्टाग्रामवर स्वामित्वहक्काच्या तक्रारीचा वेगळा अर्ज आहे, तो भरावा.

पोस्टखालची गर्दी

चित्र मोठ्या पेजवर आलं की खरी वर्दळ पहिल्या एक-दोन दिवसांत असते. लोक प्रश्न विचारतात. हा रंग कसला, कापडावर आहे का कागदावर, किंमत काय. कलाकारानं तिथे हजर राहणं हाही आभाराचाच भाग आहे, कारण त्यामुळे पेजवाल्याच्या पोस्टला जिवंतपणा येतो आणि त्याचं उत्तरं द्यायचं काम वाचतं.

फक्त एक पथ्य पाळावं. दुसऱ्याच्या अंगणात आपलं दुकान मांडू नये. किंमत विचारणाऱ्याला ‘निरोप पाठवलाय’ किंवा ‘माझ्या खात्यावर लिहा’ एवढंच सांगावं. तिथेच दरपत्रक आणि फोन नंबर चिकटवले की पेजवाल्याला ते खटकतं, आणि वाचकांनाही पोस्ट जाहिरात वाटायला लागते. रंगाबद्दलच्या प्रश्नाला मात्र भरभरून उत्तर द्यावं. चित्रकारानं एकाला सांगितलं की पारंपरिक पांढरा म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक; कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी; आणि विक्रीच्या चित्रांत हल्ली बरेच जण तयार पांढरा रंग वापरतात, कारण तो टिकतो. हे शेवटचं वाक्य त्यानं लपवलं नाही. त्या उत्तराखालीच आणखी चर्चा झाली आणि ताईंनी ते उत्तर पोस्टच्या डोक्यावर पिन करून ठेवलं.

आपल्या स्टोरीवर ती पोस्ट लावणंही योग्यच, पण स्टोरी चोवीस तासांत जाते. तिथे पेजचं नाव घेऊन एक ओळ लिहावी : हे पेज का बघावं. म्हणजे आपले चार वाचक त्यांच्याकडे जातात. पेज चालवणाऱ्याला याहून जास्त उपयोगाची परतफेड दुसरी नाही.

भेटवस्तू आणि पैसे

आपल्याकडे आभार म्हणजे हातावर काहीतरी ठेवणं. एखादं छोटं चित्र ताईंना पाठवावं असं चित्रकाराच्या मनात आलं आणि त्यानं तसं विचारलंही. ताईंनी नको म्हटलं, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएससीआय या संस्थेनं २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसाठी नियम आणले. पैसे, मोफत वस्तू किंवा भेट घेऊन कुणाचं काम मांडलं तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. ताईंना आपल्या पेजवर तो शिक्का नको होता. “मी जे टाकते ते मला आवडलं म्हणून, हीच माझी पत आहे,” त्या म्हणाल्या. चित्र आवडलं असेल तर त्या पैसे देऊन घेतील, असंही त्यांनी सांगितलं आणि पुढे घेतलंही.

याची दुसरी बाजूही असते. एका पेजवर काम आलं की दोन-तीन दिवसांत इतर काही खात्यांकडून निरोप येतात : अमुक रुपये भरा, आम्हीही तुमचं काम टाकतो. त्यांना उत्तर देणं बंधनकारक नाही. द्यायचंच तर एका ओळीत नकार द्यावा. पैसे भरून मिळालेल्या जागेत वाचक क्वचितच थांबतो, आणि अशी खाती रोज इतकी कामं टाकतात की आपलं काम तासाभरात खाली जातं.

दुसऱ्यांदा आभार

या सगळ्यात जी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती महिनाभरानं करायची असते. पोस्ट दुसऱ्याच्या पेजवर असते, त्यामुळे ती किती जणांनी पाहिली, किती जणांनी पुढे पाठवली हे आकडे कलाकाराला पूर्ण दिसत नाहीत. त्याला दिसतं ते वेगळं : कोण विचारायला आलं. म्हणून नव्या माणसाला ‘माझं काम कुठे पाहिलंत?’ हा एकच प्रश्न विचारायची सवय हवी. चित्रकारानं तो विचारायला सुरुवात केली. नाशिकच्या एका शाळेनं ग्रंथालयाच्या भिंतीसाठी चित्र हवं म्हणून फोन केला, तेव्हा कळलं की तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी ताईंचीच पोस्ट शिक्षकांच्या गटात टाकली होती. सोबत त्यांनी तारप्याकडे पाठ न करण्याची गोष्ट लिहिली होती.

भिंत पूर्ण झाल्यावर त्यानं ताईंना शाळेच्या परवानगीनं फोटो पाठवला, आणि लिहिलं : ‘तुमच्या पोस्टमुळे हे काम मिळालं. मुलांनी फेरात स्वतःची माणसं काढली. तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.’ मागणी काहीच नव्हती. ताईंनी विचारलं, हे मी टाकू का? दुसरी पोस्ट अशी आली. तिच्यात भिंत होती, शाळा होती, आणि पहिल्या पोस्टमध्ये नसलेलं गावाचं नावही होतं.

आपलं काम कुणी मांडलं तर त्याच दिवशी पोस्टखाली चार वाक्यं लिहा : त्यांनी काय बरोबर केलं ते, कामाबद्दलची एक गोष्ट जी तुम्हालाच ठाऊक आहे, पुढे पाठवायची परवानगी, आणि नाव-गाव. फोटो आणि दुरुस्ती खासगीत द्या. महिन्यानं काही घडलं असेल तर ते कळवा. काही घडलं नसेल तर गप्प राहा; ‘अजून एकदा टाका’ असं लिहू नका. पहिलं उत्तर नीट गेलं असेल तर पुढचं काम विचारायला तेच येतील.